निर्दोष खेळाडूचा पुरावा

मावळातल्या काही तरुण खेळाडूंनी ही पुस्तिका आपल्यासारख्याच खेळाडूंसाठी तयार केली आहे. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात संगणकावर खेळणारे थोडे आणि मोबाइलवर खेळणारे पुष्कळ. फोन बहुधा नवा नसतो. थोरल्या भावाने वापरून दिलेला असतो किंवा पुण्यातून कमी किमतीत आणलेला असतो. त्या फोनवर दोन-तीन वर्षे खपून वाढवलेली आयडी एके दिवशी उघडत नाही आणि पडद्यावर बंदीची सूचना येते. मग गावात दोन मते पडतात. मित्र म्हणतात, हॅक वापरला असणार, उगाच कोणी बॅन करत नाही. ज्याची आयडी गेली तो म्हणतो, कंपनी चोर आहे. या दोन्ही मतांतून आयडी परत मिळत नाही. ती मिळवायची तर बंदीचा निर्णय कसा होतो ते आधी समजून घ्यावे लागते, आणि या पुस्तिकेचा निम्मा भाग त्यालाच दिला आहे.

अँटी-चीट सॉफ्टवेअर दोन ठिकाणांहून पाहत असते. एक नजर खेळाडूच्या यंत्रात असते, दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. पोलिसांनी गाडी थांबवून डिकी उघडायला लावणे ही एक तपासणी. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर तुम्ही किती वेळात कापले यावरून वेग काढणे ही दुसरी. पहिलीत तुमच्याकडे काय आहे ते बघतात, दुसरीत तुम्ही काय केले ते मोजतात. दोन्हींच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून त्यांना द्यायची उत्तरेही वेगळी असतात.

यंत्रातली नजर काय शोधते? गेम सुरू असताना मेमरीत कोणत्या फाइली चढल्या आहेत, ओळखीच्या चीटचा ठसा त्यांत सापडतो का, गेमचा स्वतःचा कोड कंपनीने पाठवला तसाच आहे की मध्येच कोणी बदलला, दुसरा एखादा प्रोग्रॅम गेमच्या मेमरीत डोकावतो आहे का. संगणकावर ही तपासणी आता विंडोजच्या अगदी गाभ्यापर्यंत पोहोचली आहे. 2020 मध्ये व्हॅलोरंटबरोबर आलेले रायटचे व्हॅनगार्ड गेम उघडण्याची वाट पाहत नाही, संगणक सुरू होतानाच जागे होते. कारण सोपे आहे. चीट गाभ्यात आधी जाऊन बसले, तर नंतर येणाऱ्या पहारेकऱ्याला ते हवे ते दाखवू शकते. अँड्रॉइडवर प्रश्न थोडे बदलतात. फोन रूट केलेला आहे का? गेमचे ॲप अधिकृत आहे की कोणी फेरफार करून वाटलेले? गेम खऱ्या फोनवर चालू आहे की संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये? गेमच्या फाइलींना दुसऱ्या एखाद्या ॲपने हात लावला आहे का?

शेवटच्या प्रश्नात आपल्याकडची बरीच मुले अडकतात. स्वस्त फोनवर गेम अडखळतो, म्हणून कोणीतरी ‘जीएफएक्स टूल’ टाकायला सांगतो. ते टूल भिंतीपलीकडचा शत्रू दाखवत नाही की नेम धरून देत नाही, फक्त चित्राची प्रत आणि फ्रेमचा वेग बदलते. पण ते गेमच्या फाइली बाहेरून बदलते, आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने बाहेरून बदललेली फाइल ही बदललेलीच फाइल. अशा मुलाच्या मनात लबाडी नसते हे खरे, तरी नियम मोडलेला असतो. पुस्तिकेच्या लेखकांनी ही रेघ स्पष्ट ओढली याचे मला समाधान वाटते. नकळत नियम मोडणारा आणि निर्दोष असे ते दोन वेगळे खेळाडू मानतात आणि दोघांना वेगळा सल्ला देतात. पहिल्याने झाले ते कबूल करून सवलत मागावी. निर्दोषपणाचा दावा दुसऱ्यानेच करावा.

सर्व्हरवरच्या नजरेला तुमच्या फोनमध्ये काय आहे हे माहीत नसते. ती खेळ पाहते. नेम शत्रूच्या डोक्यावर किती झटक्यात जातो, दिसत नसलेल्या शत्रूच्या मागे तो भिंतीआडून सरकतो का, खेळाडू शक्य आहे त्याहून वेगाने धावतो का. व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइकसाठी असे शिकणारे यंत्र तयार केले, त्याचे नाव व्हॅकनेट. 2018 मध्ये कंपनीच्या अभियंत्याने गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याचे आकडे मांडले. त्या काळी संशयित सामन्यांचे चित्रण अनुभवी खेळाडू पाहत आणि निवाडा देत. खेळाडूंच्या तक्रारींवरून आलेल्या प्रकरणांपैकी 15 ते 30 टक्क्यांतच दोष ठरत होता. व्हॅकनेटने पाठवलेल्या प्रकरणांत हेच प्रमाण 80 ते 95 टक्के होते. म्हणजे हरलेल्या खेळाडूच्या रागापेक्षा यंत्राचा संशय कितीतरी भरवशाचा. तरीही त्याने बोट दाखवलेल्या दर शंभरांत पाच ते वीस जणांवर बघणाऱ्या माणसांना दोष ठेवता आला नाही. मध्ये माणूस नसता तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार वाचकाने करावा.

याचा थोडा हिशोब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एका खेळात 1 लाख खेळाडू आहेत आणि त्यांतले 1,000 चीट वापरतात असे धरू. सॉफ्टवेअर त्यांतल्या 900 जणांना पकडते. प्रामाणिक 99,000 खेळाडूंच्या बाबतीत ते हजारात एकदाच चुकते. ही अचूकता फारच चांगली म्हणावी लागेल. तरी 99 निर्दोष सापडतात. एकूण 999 जणांवर बंदी येते आणि त्यांतला साधारण दहावा माणूस निरपराध असतो. आता हे सगळे कंपनीला पत्र लिहितात. ‘मी काहीच केले नाही’ असे 99 जण खरे लिहितात आणि 900 जण खोटे लिहितात, तेही याच शब्दांत. पत्रे वाचणाऱ्या कर्मचाऱ्याच्या समोर हाच ढीग असतो. तुमच्या शपथेवर तो विश्वास ठेवत नाही, कारण तीच शपथ त्याने सकाळपासून कितीतरी वेळा वाचलेली असते. चीट वापरणाऱ्याला लिहिता येणार नाही आणि कंपनीला स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहता येईल, अशीच गोष्ट त्या ढिगातून तुमचे पत्र वर काढू शकते. पुढची सगळी प्रकरणे या एका मुद्द्यावर उभी आहेत.

बंदी उशिरा का येते, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. चीट सापडल्याबरोबर बंदी घातली, तर चीट विकणाऱ्याला कोणत्या बदलामुळे माल पकडला गेला ते त्याच दिवशी कळेल आणि तो दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आणेल. म्हणून कंपन्या नावे साठवतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी एकदम बंदी घालतात. बंदीचे नेमके कारण सांगत नाहीत, तेही याच हेतूने. गुन्हेगाराविरुद्ध हे धोरण योग्यच आहे. निर्दोषाची मात्र त्यात कोंडी होते, कारण आज आलेली बंदी कोणत्या दिवसाबद्दल आहे हेच त्याला माहीत नसते. म्हणून फोन कधी घेतला, आयडी कोणत्या फोनवर कधी उघडली, कोणते ॲप कधी टाकले, याची जमेल तेवढी तारीखवार आठवण आणि नोंद जपून ठेवावी असा या पुस्तिकेचा आग्रह आहे.

पकडले जाणारे सगळे निर्दोष नसतात हेही सांगायला हवे. भारतीय खेळाडूंना 2018 चे शांघाय विसरता येणार नाही. ऑक्टोबर महिन्यात तिथे एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धा चालू होती आणि ऑप्टिक इंडियाचा संघ काउंटर-स्ट्राइक खेळत होता. चालू सामन्यात निखिल कुमावत या खेळाडूच्या संगणकावर अधिकाऱ्यांना नेम धरून देणारा प्रोग्रॅम सापडला. फाइलचे नाव होते `word.exe`, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला ती लिखाणाच्या साध्या प्रोग्रॅमची वाटावी. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि पुढे बरखास्तही झाला. चीट एकाचे, पण त्याची किंमत चौघा साथीदारांनीही मोजली. अँटी-चीट कडक का असते, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

आता उलट बाजू पाहू. ऑक्टोबर 2023 मध्ये एएमडी या कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डांसाठी नवा ड्रायव्हर दिला, आवृत्ती 23.10.1. बटण दाबल्यावर चित्र उमटायला लागणारा वेळ कमी करणारी ‘अँटी-लॅग प्लस’ ही सोय त्यात काउंटर-स्ट्राइक 2 साठीही चालू होती. ती सोय काम करायची ती गेमच्या इंजिनातल्या फाइलीची काही फंक्शने मध्येच अडवून आणि स्वतःच्या कोडकडे वळवून. चीट नेमके हेच करते. व्हॉल्व्हच्या व्हॅक या सॉफ्टवेअरने गेमचा कोड बदललेला पाहिला आणि बंदी घातली. त्या खेळाडूंनी ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीचाच अधिकृत ड्रायव्हर टाकला होता आणि सेटिंगमधले एक बटण चालू केले होते. दुसरे काहीही केले नव्हते.

हे प्रकरण सुटले कसे, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्हॅकची बंदी कायमची असते आणि तिच्याबद्दल वाटाघाटी होत नाहीत, अशी व्हॉल्व्हची जाहीर भूमिका आहे. इथे मात्र एकच खूण पुन्हा पुन्हा दिसत होती: तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, तेच बटण. व्हॉल्व्हने खेळाडूंना ती सोय न वापरण्याचा जाहीर इशारा दिला. एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला आणि पुढच्या आवृत्तीतून ती सोय काढून टाकली. मग कोणत्या बंद्या त्या सोयीमुळे आल्या हे वेगळे काढता आले आणि त्या उठवल्या गेल्या. 2024 मध्ये एएमडीने हीच कल्पना ‘अँटी-लॅग 2’ या नावाने परत आणली. या वेळी ती गेमच्या निर्मात्यांच्या हाताने, गेमच्या आतूनच जोडलेली होती, म्हणून व्हॅकची अडचण आली नाही.

व्हॉल्व्हकडून त्याआधीही अशी चूक झाली होती. जुलै 2010 मध्ये कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2 खेळणाऱ्या सुमारे 12,000 जणांवर व्हॅकने चुकीची बंदी घातली. गेमची फाइल डिस्कवर नवी होत असताना मेमरीत जुनीच प्रत शिल्लक राहिली होती. दोन प्रती जुळेनात, आणि सॉफ्टवेअरने फाइलीत छेडछाड झाल्याचा निष्कर्ष काढला. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बंद्या उठवल्या आणि भरपाई म्हणून त्या खेळाडूंना लेफ्ट 4 डेड 2 हा खेळ फुकट दिला. या दोन्ही घटनांतून एकच निष्कर्ष निघतो. एकट्याची तक्रार सहसा बुडते, पण त्याच परिस्थितीतल्या अनेकांची तक्रार एकाच कारणाकडे बोट दाखवू लागली की कंपनीला आपल्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागतात. म्हणून बंदी आली की आधी हे शोधा: गेल्या आठवड्यात आणखी कोणाकोणावर बंदी आली, आणि त्यांच्यात व तुमच्यात समान काय आहे? फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची नवी आवृत्ती, एखादे ॲप, की गेमचे ताजे अपडेट?

मावळात मात्र ड्रायव्हरपेक्षा वापरलेला फोन आणि उसनी दिलेली आयडी यांचेच प्रश्न जास्त. बीजीएमआय चालवणाऱ्या क्राफ्टनने डिसेंबर 2021 पासून चीट सापडलेल्या फोनवरच बंदी घालायला सुरुवात केली, कारण आयडी गेली तरी लोक नवी काढून परत येत होते. अँड्रॉइड 10 पासून साध्या ॲपला फोनचा आयएमईआय क्रमांक वाचता येत नाही, म्हणून खेळ फोनच्या इतर खुणा पाहतात. त्यांतल्या काही फोन रिसेट केल्यावर बदलतात, काही बदलत नाहीत. त्यामुळे ‘रिसेट मारून दिलाय, आता नव्यासारखाच’ हे विकणाऱ्याचे वाक्य इथे कामाचे नाही. वापरलेला फोन घेताना पैसे देण्याआधी त्यावर गेम टाका आणि एक मॅच खेळून बघा. बिलावर तारीख आणि फोनचा क्रमांक लिहून घ्या. साध्या कागदावर विकणाऱ्याच्या सहीने लिहिलेले असले तरी चालेल.

एक गैरसमजही दूर करायला हवा. पावसाळ्यात लोणावळ्याला रेंज जाते, लाइट जाते आणि मॅच अर्धवट तुटते. त्यानंतर येणारी शिक्षा चीटची नसते, सामना सोडल्याची असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये ती पहिल्यांदा 30 मिनिटांची असते, मग 2 तास, मग 24 तास आणि शेवटी 7 दिवस अशी चढत जाते, आणि मुदत संपली की आपोआप उठते. तिच्याविरुद्ध अर्ज करण्यात वेळ घालवू नका. पडद्यावरची सूचना नीट वाचून तिचा फोटो काढा. बंदी कोणत्या जातीची आहे हे त्या सूचनेतूनच कळते.

आता अर्जाकडे वळू. एक काल्पनिक प्रकरण घेऊ. कामशेतच्या एका मुलाने 4 जुलैला वापरलेला फोन घेतला, 6 जुलैला त्यावर आपली दोन वर्षांची जुनी आयडी उघडली आणि 9 जुलैला बंदी आली. त्याचे पहिले पत्र असे असेल: ‘मी कधीही हॅक वापरला नाही, प्लीज आयडी परत द्या, मी खूप पैसे घातले आहेत.’ यात कंपनीला तपासून बघता येईल असे एकही वाक्य नाही. पुस्तिकेतले पत्र वेगळे आहे. त्यात आयडीचा क्रमांक, बंदीच्या सूचनेचा फोटो आणि वेळ आहे. फोन 4 जुलैला घेतल्याचे बिल आहे. गुगल खात्याच्या साइन-इन नोंदीत हा फोन 6 जुलैला पहिल्यांदा दिसतो, तो फोटो जोडला आहे. त्याआधीची दोन वर्षे आयडी कोणत्या फोनवर होती ते लिहिले आहे. आणि शेवटी एकच प्रश्न आहे: या फोनवर संशयाची नोंद पहिल्यांदा झाली तेव्हा त्यावर माझी आयडी होती का? नसेल, तर फोनवरची बंदी राहू द्या, माझी आयडी मोकळी करा.

या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नोंदीत आधीच पडलेले आहे. कर्मचाऱ्याला तुमच्या स्वभावाची पारख करायची नाही, दोन तारखा ताडायच्या आहेत. शिवाय मागणी छोटी आहे. फोन मोकळा करा असे चीट विकणाराही म्हणेल. फोन अडवा पण आयडी सोडा, असे बहुधा निर्दोषच म्हणतो. पत्र साध्या इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा मराठी जाणणारा असेलच असे नाही. एकच पत्र पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्याच फोनवर नवी आयडी काढू नका. बंदी चुकवायचा प्रयत्न म्हणून त्याची वेगळी नोंद होते आणि खरी तक्रारही संशयास्पद ठरते. पैसे घेऊन ‘अनबॅन’ करून देतो म्हणणाऱ्याला आयडीचा पासवर्ड देणे म्हणजे उरलेसुरले घालवणे.

धाकट्या भावाने किंवा मित्राने आयडी वापरली असेल, तर ते लपवू नका. तरी त्यातून आयडी सुटेल अशी फार आशाही धरू नका. जवळपास प्रत्येक खेळाच्या अटींत खात्याची जबाबदारी खातेदारावर असते. स्टीमवर आपला खेळसंग्रह दुसऱ्याला वापरायला दिला आणि त्याने चीट केले, तर मालकावरही बंदी येऊ शकते. आयडी चोरीला गेली असेल तर गोष्ट वेगळी. अनोळखी ठिकाणाहून झालेले साइन-इन, पासवर्ड बदलल्याची मेल आणि ती मिळताच तुम्ही केलेली तक्रार हे तिन्ही तारखांसह दाखवता आले, तर प्रकरणात जीव राहतो.

कंपनीने ठराविक उत्तर देऊन दार बंद केले तर? भारतात सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गोपनीयता धोरणात किंवा अटींत तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. पहिल्या पत्राची प्रत जोडून दुसरे पत्र त्याला पाठवावे. आयडीवर खरे पैसे खर्च झाले असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करायची मुभा दिली आहे. म्हणजे लोणावळ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही, पुण्यात भागते. मुदत दोन वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. खेळाडू अठराच्या आतला असेल तर दावा पालकांच्या नावे करावा लागतो, म्हणून घरी सगळे आधीच सांगितलेले बरे. आयोगाकडून काय मागायचे याचाही नीट विचार करावा. घातलेले पैसे आणि झालेला त्रास यांचा हिशोब तिथे मांडता येतो. गेलेला रँक परत मिळवून देणे हे आयोगाचे काम नव्हे. पावत्या नसतील तर तो हिशोबही उभा राहत नाही. गुगल प्लेवरच्या प्रत्येक खरेदीची मेल येते आणि तिच्यातला ऑर्डर क्रमांक `GPA` या अक्षरांनी सुरू होतो. त्या मेल पुसू नका.

पुस्तिकेच्या अखेरीस पत्राचे दोन नमुने, जपून ठेवायच्या नोंदींची यादी आणि वापरलेला फोन घेतानाच्या तपासण्या दिल्या आहेत. चीट कसे वापरावे किंवा बंदी कशी चुकवावी याबद्दल एक ओळही इथे नाही, आणि ते योग्यच झाले. सगळ्या निर्दोषांना न्याय मिळेल असे आश्वासनही लेखक देत नाहीत. कारण न सांगता कायमची बंदी घालण्याचा अधिकार कंपन्यांनी आपल्या अटींत राखून ठेवला आहे, आणि काही खऱ्या पत्रांना ‘फेरतपासणी झाली, निर्णय कायम’ एवढेच उत्तर येईल.

वाचकांना एकच विनंती. बंदी येण्याची वाट न पाहता आजच फोनचे बिल, खरेदीच्या मेल आणि साइन-इनची नोंद एका ठिकाणी ठेवा आणि आयडी कोणालाही उसनी देऊ नका. बंदी आल्यानंतर पुरावा गोळा करायला बसणाऱ्याच्या हाती शपथेखेरीज फारसे काही उरत नाही.